वायरलेस चार्जिंगच्या दोन कॉइली: आधी कपलिंग मोजावे, मग अनुस्पंदन जुळवावे

फोनच्या वायरलेस चार्जिंगचे तत्त्व दाखवणारा दोन कॉइलींचा प्रकल्प बारावीचे, पदविकेचे आणि अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी करतात, आणि त्यांतील बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. दोन कॉइली गुंडाळल्या जातात, सूत्रात आकडे घालून कपॅसिटर काढला जातो, एलईडी लागतो आणि प्रकल्प झाला असे मानले जाते. मग एलईडीच्या जागी खरा भार जोडला की व्होल्टेज कोसळते. त्यावर उपाय म्हणून कधी वेढे वाढवले जातात, तर कधी कपॅसिटर बदलत बसले जाते. यामागे दोन गैरसमज असतात. पहिला असा की अनुस्पंदनामुळे, म्हणजे रेझोनन्समुळे, दोन कॉइलींमधील कपलिंग, म्हणजे एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीतून जाण्याचे प्रमाण, वाढते. दुसरा असा की प्रत्येक कॉइल वेगळी जुळवून नंतर दोन्ही समोरासमोर ठेवल्या तरी ती जुळणी टिकून राहते.

या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. कपलिंग ठरते ते कॉइलींचा आकार, अंतर, सरळ मांडणी आणि मागील फेराइट यांवरून, आणि कपॅसिटर जोडल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. अनुस्पंदनाचे काम वेगळे आहे. कॉइलीच्या स्वतःच्या इंडक्टन्समुळे प्रत्यावर्ती प्रवाहाला जो अडथळा होतो, त्या रिअॅक्टन्सला कपॅसिटरच्या विरुद्ध चिन्हाच्या रिअॅक्टन्सने रद्द करणे, एवढेच ते काम आहे. म्हणून कामाचा क्रमही ठरलेला आहे: मांडणी पक्की करणे, त्या मांडणीतच इंडक्टन्स मोजणे, कपलिंग काढणे, आणि त्यानंतरच कपॅसिटरला हात लावणे.

## पूर्वतयारी

फेराइटची चकती मागे चिकटवलेल्या, सुमारे २४ मायक्रोहेन्रीच्या दोन सारख्या तयार कॉइली घ्याव्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत वायरलेस चार्जरची कॉइल म्हणून अशी वस्तू मागता येते. स्वतः गुंडाळायची असेल तर एकेरी जाड तार टाळावी. १०० किलोहर्ट्झला तांब्यातील प्रवाह पृष्ठभागापासून साधारण ०.२ मिलिमीटर खोलीतच एकवटतो, त्यामुळे जाड तारेचा गाभा जवळजवळ वाया जातो. अनेक बारीक, वेगवेगळ्या इनॅमल केलेल्या तारा पिळून केलेली लिट्झ वायर यासाठीच वापरतात. तिची टोके सोल्डर करताना प्रत्येक बारीक तारेवरील इनॅमल निघाले आहे याची खात्री करावी, नाहीतर निम्म्या तारा जोडल्याच जात नाहीत आणि कॉइलीचा रोध विनाकारण दुप्पट दिसतो.

कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचे, पॉलिप्रॉपिलीन फिल्म प्रकारचे आणि निदान १०० व्होल्ट क्षमतेचे असावेत. ‘104’ असे लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर प्रत्येक डब्यात सापडतो आणि तोच उचलला जातो, पण त्यातील स्वस्त प्रकारांची धारिता व्होल्टेज आणि तापमान यांनुसार बदलते. जुळणी सकाळी बरोबर येते आणि पाच मिनिटे प्रवाह गेल्यावर सरकते, असा अनुभव आला तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा.

भारासाठी पांढरा सिमेंटचा १० ओहमचा रोध घेऊ नये. त्याच्या आत तारेचे वेढे असतात, म्हणजे तो स्वतःच एक लहान कॉइल असतो आणि १०० किलोहर्ट्झला जुळणी बिघडवतो. त्याऐवजी १०० ओहम, १ वॅटचे दहा मेटल फिल्म रोध समांतर जोडावेत.

याशिवाय १०० किलोहर्ट्झला मोजणारा एलसीआर मीटर, फंक्शन जनरेटर, ऑसिलोस्कोप, प्रवाहमर्यादा लावता येणारा वीजपुरवठा आणि त्याच्या व्होल्टेजची चौकोनी लाट करून कॉइलीला देणारा दोन मॉस्फेटचा हाफ-ब्रिज लागतो. हाफ-ब्रिजच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी चालू होऊ न देणारा मोकळा काळ असला पाहिजे. मीटर १ किलोहर्ट्झवरच मोजत असेल तर इंडक्टन्सचा आकडा चालून जाईल, पण कॉइलीच्या रोधाचा आकडा विश्वासार्ह नसेल.

इशारा: ही मांडणी कितीही नीट जमली तरी तिच्यावर फोन ठेवू नये. फोन चार्जरला सतत संदेश पाठवून ऊर्जा कमी-जास्त करायला सांगत असतो. आपला हाफ-ब्रिज ते संदेश ऐकत नाही, आणि फोनच्या आतील ग्राहक भागावर झेपणार नाही इतके व्होल्टेज येऊ शकते.

## टप्पा १: मांडणी पक्की करणे

दोन्ही कॉइलींच्या तारेच्या बाजू एकमेकींसमोर आणि फेराइट बाहेरच्या बाजूला अशा ठेवाव्यात. फेराइटचे काम चुंबकीय क्षेत्राला मागून परतीची वाट देण्याचे आहे, त्यामुळे ते चुकून दोन कॉइलींच्या मध्ये आले तर क्षेत्र समोरच्या कॉइलीपर्यंत पोहोचण्याआधीच वळून जाते. ही चूक दिसायला क्षुल्लक असली तरी वारंवार होते, कारण कॉइल चिकटवताना सपाट फेराइटची बाजू वर ठेवणे सोयीचे वाटते.

मध्ये ५ मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून दोन्ही केंद्रे एका रेषेत आणावीत आणि सगळे टेपने घट्ट बांधावे. हाताने धरून एकही मोजमाप करू नये. टेबल लोखंडी असेल तर खाली चार-पाच सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा घ्यावा. अंगठी, नाणे, सुटा स्क्रू अशी कोणतीही धातूची वस्तू जवळ राहू देऊ नये, कारण तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण होऊन ती तापते आणि आपल्या मोजमापात एक अदृश्य भार शिरतो.

## टप्पा २: प्रत्येक कॉइलीचे इंडक्टन्स जागेवरच मोजणे

आधी एक कॉइल टेबलावर एकटी ठेवून मोजावी. आपल्या उदाहरणात २४.० मायक्रोहेन्री मिळाले असे समजू. आता तीच कॉइल मांडणीत, समोर दुसरी असताना, पण दुसरीची दोन्ही टोके मोकळी ठेवून मोजावी. या वेळी २६.० मायक्रोहेन्री दिसेल. समोरच्या कॉइलीमागचे फेराइट हिच्याही क्षेत्राला वाट देते, म्हणून ही वाढ होते. दुसरी कॉइलही अशीच मोजावी. दोन्ही सारख्या असल्याने तिचाही आकडा २६.० धरू.

हे दोन मायक्रोहेन्री किरकोळ नाहीत. १०० नॅनोफॅरडबरोबर २४ मायक्रोहेन्रीची अनुस्पंदन वारंवारता १०२.७ किलोहर्ट्झ येते आणि २६ मायक्रोहेन्रीची ९८.७ किलोहर्ट्झ. आमच्या प्रयोगशाळेत एका गटाने दोन्ही कॉइली वेगवेगळ्या ठेवून, लहान लहान कपॅसिटर समांतर जोडत, दशांश किलोहर्ट्झपर्यंत जुळवल्या होत्या. त्यात त्यांची पूर्ण दुपार गेली आणि समोरासमोर ठेवताच दोन्ही कॉइली चार किलोहर्ट्झ खाली घसरल्या. त्या मुलांचे हात चांगले होते, मोजमापही काटेकोर होते, पण ते भलत्याच स्थितीत केलेले होते.

तपासणी: दुसऱ्या कॉइलीची टोके एकमेकांना जोडून पाहावीत. पहिलीचे इंडक्टन्स २६ वरून साधारण २२ मायक्रोहेन्रीपर्यंत उतरले पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर कॉइली एकमेकींशी जोडल्या गेलेल्याच नाहीत. फेराइटची बाजू आणि सोल्डरचे जोड पुन्हा पाहावेत.

## टप्पा ३: परस्पर प्रवर्तन मोजणे

पहिल्या कॉइलीतील बदलत्या प्रवाहामुळे दुसरीत विद्युतगामक बल निर्माण होते, हे परस्पर प्रवर्तन. ते किती आहे हे दुसऱ्या कॉइलीवरील व्होल्टेज पाहून अंदाजाने ठरवण्यापेक्षा मीटरने थेट मोजता येते. दोन्ही कॉइली एकसर जोडून टोकाटोकांत इंडक्टन्स मोजावे, मग एकीची टोके अदलाबदल करून पुन्हा मोजावे. एका जोडणीत दोघींची क्षेत्रे एकमेकांना साथ देतात, दुसरीत विरोध करतात.

```
L(साथ)   = L1 + L2 + 2M
L(विरोध) = L1 + L2 − 2M
M = (L(साथ) − L(विरोध)) / 4
k = M / √(L1·L2)
```

आपल्या मांडणीत मोठा आकडा ७२.८ आणि लहान ३१.२ मायक्रोहेन्री मिळाला. दोहोंतील फरक ४१.६, त्याचा चौथा भाग १०.४ मायक्रोहेन्री, हे परस्पर इंडक्टन्स झाले. त्याला २६ ने भागले की कपलिंग गुणांक ०.४० येतो. म्हणजे पहिल्या कॉइलीच्या चुंबकीय अभिवाहाचा ढोबळमानाने चाळीस टक्के भाग दुसरीतून जातो आणि उरलेला साठ टक्के भाग दुसरीला न भेटताच परततो. साध्या लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा गुणांक एकच्या अगदी जवळ असतो. फोन आणि चार्जर यांच्यामध्ये प्लास्टिक, काच आणि हवा असल्याने तिथे तो तसा कधीच नसतो, आणि अनुस्पंदनाची गरज याच तफावतीतून निर्माण होते.

तपासणी: दोन आकड्यांची सरासरी दोन्ही कॉइलींच्या बेरजेइतकी यायला हवी. इथे ७२.८ आणि ३१.२ यांची सरासरी ५२.० येते, आणि २६ अधिक २६ हेही ५२. ती जुळत नसेल तर मधल्या काळात मांडणी हलली आहे. टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करावी.

## टप्पा ४: कपॅसिटर जोडून प्रत्येक बाजू वेगळी तपासणे

```
f = 1 / (2π√(L·C))
26 µH, 100 nF  →  98.7 kHz
```

‘ची’, म्हणजे Qi, या वायरलेस चार्जिंगच्या मानकातील सुरुवातीच्या प्रेषक रचनांपैकी एका रचनेतही २४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हीच जोडी आहे, त्यामुळे आपले आकडे खऱ्या चार्जरपासून दूर नाहीत.

पहिल्या कॉइलीला कपॅसिटर एकसर जोडावा आणि या जोडीला फंक्शन जनरेटर लावून जोडीच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप ठेवावा. दुसरी कॉइल जागेवर असावी, पण तिची टोके मोकळी असावीत. वारंवारता ८० पासून १२० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू वाढवत न्यावी. एका ठिकाणी व्होल्टेज खोल दरीसारखे खाली जाते. जनरेटरचा अंतर्गत रोध ५० ओहम आणि त्याचे मोकळे व्होल्टेज १० असेल, तर दरीच्या तळाशी जेमतेम तीस-चाळीस मिलिव्होल्ट उरतात. तिथे कॉइल आणि कपॅसिटर यांचे रिअॅक्टन्स एकमेकांना संपवतात आणि फक्त तारेचा रोध शिल्लक राहतो. दरी ९८.७ च्या एक-दीड किलोहर्ट्झ अलीकडे-पलीकडे आली तर समाधान मानावे, कारण फिल्म कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यातही काही टक्के फरक असतोच. नंतर पहिलीची टोके मोकळी करून दुसरी बाजू अशीच तपासावी.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही बाजूंना कपॅसिटर आणि भार जोडलेले असतानाच एक बाजू जुळवायला जाणे. तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींना ओढतात. भाराचा रोध लहान असेल तर एका दरीच्या जागी दोन दऱ्या दिसतात, एक मूळ वारंवारतेच्या खाली आणि एक वर. आपल्या गुणांकासाठी त्या अंदाजे ८३ आणि १२७ किलोहर्ट्झला येतील. ते पाहून विद्यार्थी समजतात की एक कॉइल ८३ ला आणि दुसरी १२७ ला जुळली आहे, आणि कपॅसिटर बदलायला घेतात. वास्तविक दोन्ही ९८.७ लाच जुळलेल्या असतात, आणि हे दुभंगणे घट्ट कपलिंगची खूण असते.

तपासणी: प्रोबचे टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडून कॉइलीजवळ धरावे. पडद्यावर सपाट रेषा यायला हवी. लाट दिसली, तर क्लिपच्या लांब तारेचा फासच तिसरी कॉइल झाला आहे. अशा वेळी क्लिपची तार आखूड करावी, नाहीतर दरीचा तळ कधीच नीट दिसत नाही.

## टप्पा ५: अनुस्पंदनाविना मोजमाप

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग अनुस्पंदनाने नेमके काय केले हे सांगता येत नाही. हाफ-ब्रिजला ५ व्होल्ट द्यावेत आणि वीजपुरवठ्याची प्रवाहमर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवावी. वारंवारता ९८.७ किलोहर्ट्झ ठेवून दुसऱ्या कॉइलीला कपॅसिटरविना थेट १० ओहमचा भार जोडावा.

इशारा: पहिल्या बाजूचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढून कॉइल थेट हाफ-ब्रिजला जोडू नये. हाफ-ब्रिजच्या लाटेत सरासरी अडीच व्होल्टचा एकदिश भाग असतो आणि कॉइलीचा रोध ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. तो एकदिश प्रवाह अडवतो, पण १०० किलोहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स नगण्य असल्याने अनुस्पंदन घडवत नाही.

५ व्होल्टच्या चौकोनी लाटेतील मूलभूत घटक सुमारे २.२५ व्होल्ट आरएमएस असतो. कॉइलीचा रिअॅक्टन्स १६ ओहम आहे. हिशेब केला तर पहिल्या कॉइलीतून साधारण ०.१६ अँपिअर जातो आणि भारावर अवघे २८ मिलिवॅट पोहोचतात. एलईडी लावायला तेवढे पुरतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. या स्थितीतही कॉइलींची कार्यक्षमता ८६ टक्क्यांच्या आसपास असते, कारण ऊर्जा फारशी वाया जात नाही, ती आत शिरतच नाही. प्रवाह आणि व्होल्टेज यांच्यात जवळजवळ पाव आवर्तनाचे अंतर पडल्याने स्रोताने दिलेली बहुतेक ऊर्जा पुढच्याच क्षणी स्रोताकडे परत येते.

## टप्पा ६: अनुस्पंदनासह मोजमाप, वरच्या वारंवारतेकडून खाली

आता दोन्ही बाजूंना १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर एकसर जोडावेत. वारंवारता थेट ९८.७ वर ठेवून वीज सुरू करू नये. १८० किलोहर्ट्झपासून सुरुवात करून खाली यावे. अनुस्पंदनाच्या वरच्या बाजूला पहिली कॉइल स्रोताला इंडक्टिव्ह भासते, प्रवाह मर्यादित राहतो आणि मॉस्फेट कमी ताणात चालू-बंद होतात. खालच्या बाजूला ती कपॅसिटिव्ह भासते आणि मॉस्फेट तापू लागतात.

१० ओहमच्या भारावर १८० किलोहर्ट्झला जेमतेम पाऊण व्होल्ट आरएमएस मिळेल, १४० ला सुमारे १.६, १२० ला अडीच आणि ९८.७ च्या आसपास ३.३ ते ३.४ व्होल्ट. शिखर टोकदार नसून बरेच सपाट असते, कारण १० ओहमचा भार अनुस्पंदनाला दाबून टाकतो. त्यामुळे शिखर नेमके कुठे आहे यावर वेळ घालवू नये. शेवटच्या स्थितीत भारावरील शक्ती १.१ वॅटच्या वर जाते. त्याच कॉइली, तेच अंतर, तोच ०.४० चा गुणांक आणि तेच ५ व्होल्ट असताना शक्ती २८ मिलिवॅटवरून ११०० मिलिवॅटच्या पुढे गेली, म्हणजे चाळीसपट झाली. कॉइलींची कार्यक्षमता मात्र ८६ वरून ९५ टक्क्यांपर्यंतच वाढली. अनुस्पंदनाने काय केले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे: त्याने वाट मोकळी केली, कपलिंगला हात लावला नाही.

दुसऱ्या बाजूचा भार पहिल्या बाजूला कसा दिसतो, हेही याच टप्प्यावर समजून घ्यावे. खालील सूत्रात ω म्हणजे 2πf, R2 हा दुसऱ्या कॉइलीचा स्वतःचा रोध आणि RL हा भाराचा रोध.

```
R(परावर्तित) = (ωM)² / (R2 + RL)
             = (6.45)² / 10.16  ≈ 4.1 Ω
```

म्हणजे दुसरीकडील १० ओहमचा भार पहिलीला ४.१ ओहमच्या रोधासारखा भासतो. पहिलीचा स्वतःचा रोध १०० किलोहर्ट्झला ०.१६ ओहम धरला, तर तिच्यात शिरणारी बहुतेक ऊर्जा पलीकडे जाते. कोणतीही तार न जोडता फोन चार्जरशी बोलतो तोही याच वाटेने. फोन आपल्या बाजूचा भार किंचित बदलतो, चार्जरच्या कॉइलीवरील व्होल्टेज तेवढेच डोलते, आणि त्या डोलण्यातून संदेश वाचला जातो. ‘ची’च्या मूळ ५ वॅटच्या पद्धतीत चार्जर ११० ते २०५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात काम करतो, तर त्याची कॉइल-कपॅसिटर जोडी १०० च्या आसपास जुळलेली असते. शिखरावर उभे न राहता उताराच्या वरच्या बाजूला राहायचे, अधिक शक्ती हवी असेल तर वारंवारता कमी करून शिखराकडे सरकायचे आणि कमी हवी असेल तर दूर जायचे, अशी ती योजना आहे. आपण १८० वरून खाली येताना तोच उतार हाताने चढतो.

तपासणी: वीजपुरवठ्यावरचा प्रवाह वाचावा. भारावर १.१ वॅट असताना ५ व्होल्टला ०.२४ ते ०.२६ अँपिअर दिसायला हवा. ०.३५ च्या वर गेला, तर ऊर्जा दुसरीकडे कुठेतरी जात आहे. वीज बंद करून मॉस्फेट, कपॅसिटर आणि कॉइल यांना बोट लावून कोण तापले ते पाहावे. मॉस्फेट तापला असेल तर वारंवारता शिखराच्या खाली गेली आहे, कपॅसिटर तापला असेल तर तो चुकीच्या प्रकारचा आहे, आणि फेराइटच्या कडेला ऊब लागली तर जवळपास धातू आहे.

इशारा: ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप दोन मॉस्फेटच्या मधल्या बिंदूला लावू नये. क्लिप भूसंपर्कित असते आणि वीजपुरवठ्याचे ऋण टोकही भूसंपर्कित असेल तर तो सरळ शॉर्ट होतो.

## टप्पा ७: कॉइल सरकवून पाहणे

प्रवाहमर्यादा १ अँपिअरपर्यंत वाढवावी, टेप सोडवावी आणि दुसरी कॉइल कडेला सरकवत न्यावी. शक्ती कमी होत जाईल अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात भारावरील व्होल्टेज आधी वाढते. ते पाहून मीटर बिघडला असे समजू नये. गुणांक ०.४० वरून ०.२० वर आला की परावर्तित रोध निम्मा होत नाही, तो चौथाईवर येतो, म्हणजे ४.१ ओहमचा जवळजवळ १ ओहम. स्रोताला समोर कमी रोध दिसतो आणि तो जास्त प्रवाह ओढू देतो. जुळणी तशीच टिकली असे धरून हिशेब केला, तर पहिल्या कॉइलीतील प्रवाह ०.५३ वरून १.९ अँपिअरवर जातो, भाराला साडेतीन वॅटच्या वर मिळतात, पण पहिल्या कॉइलीतच वाया जाणारी ऊर्जा ०.०४५ वॅटवरून ०.५८ वॅटवर पोहोचते आणि कार्यक्षमता ९५ वरून ८५ टक्क्यांवर घसरते. प्रत्यक्षात सरकवताना दोन्ही कॉइलींचे इंडक्टन्सही थोडे उतरते, त्यामुळे वाढ हिशेबापेक्षा कमी दिसते, पण दिशा तीच राहते. फोन चार्जरवर तिरका ठेवला की चार्ज होतो पण पाठ गरम लागते, त्यामागे याच प्रकारची कारणे असतात: तीच शक्ती मिळवण्यासाठी चार्जरच्या कॉइलीला जास्त प्रवाह वाहावा लागतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची २’ मानकात फोन आणि चार्जर यांच्यात चुंबकांचे वर्तुळ घेतले गेले, ते दोन केंद्रे आपोआप एका रेषेत यावीत म्हणून.

इशारा: दोन्ही बाजूंना एकसर कपॅसिटर असलेल्या या मांडणीत, शिखरावर असताना भार कधीही तोडू नये. भार सुटताच दुसऱ्या कॉइलीत प्रवाह उरत नाही, परावर्तित रोध शून्यावर येतो आणि स्रोतासमोर फक्त ०.१६ ओहम राहतो. हिशेबाने हा प्रवाह १४ अँपिअरच्या घरात जातो. मॉस्फेटना वाचवते ती वीजपुरवठ्याची प्रवाहमर्यादा, म्हणून ती प्रत्येक टप्प्यात लावलेलीच असावी. भार बदलायचा असेल तर वारंवारता १८० वर न्यावी, वीज बंद करावी आणि मगच रोध काढावा. दुसरी कॉइल पूर्ण उचलून घेतली तर पहिलीचे इंडक्टन्स २४ वर परत येते, जुळणी १०२.७ किलोहर्ट्झकडे सरकते आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास थांबतो, पण काहीही काम न करता तो केवळ तार तापवत राहतो. बाजारातला चार्जर फोन नसताना सतत चालू न राहता अधूनमधून क्षणभर जागा होऊन समोर कोणी आहे का ते पाहतो, त्याचे एक कारण हेच आहे.

नोंदवहीत प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या स्थितीत घेतला हे लिहावे: दुसरी कॉइल कुठे होती, तिची टोके मोकळी होती की जोडलेली, आणि अंतर किती होते. ‘इंडक्टन्स २६’ एवढेच लिहिलेले पान दुसऱ्या दिवशी कोणालाच उपयोगी पडत नाही. ‘२६.०, समोर कॉइल ५ मिलिमीटरवर, टोके मोकळी’ असे लिहिलेले पान हाती असेल, तर कोणीही टप्पा ४ पासून काम पुढे नेऊ शकतो.